मेसेज पोराला, पैसे आईचे: मा. ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न.

मी ‘उमेद’ची बँक सखी, बचत गटांच्या बायकांना बँकेच्या कामात मदत करते. गावातल्या बचत गटांच्या ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत मला ‘सुरक्षित बँकिंग’वर बोलायला दहा मिनिटं मिळतात. तीही शेवटची, म्हणजे कर्जहप्त्यांचा हिशेब उरकून बायका पिशव्या उचलायच्या बेतात असतात तेव्हा. त्या दहा मिनिटांत मी काय सांगते आणि माझं सांगणं कुठे अडतं, ते तुमच्या कानावर घालायचं आहे.

पिनवर मी फार बोलत नाही. ‘कुणाला सांगू नका’ हे बायकांना पाठ आहे. तरी कार्डाच्या पाकिटावर पेनाने चार आकडे लिहिलेले असतातच, कारण एटीएम तालुक्याला आणि जाणारा पोरगा. मी म्हणते, आकडे आत्ता इथेच खोडा. आणि पिन चारचौघांत गेला असेल तर एटीएमवरच तो बदलता येतो.

फोनचं मात्र करून दाखवते. मागच्या बैठकीत भाच्याला देवळामागे उभं केलं आणि एका ताईंना फोन लावायला लावला. ‘मॅडम, योजनेचा हप्ता अडकलाय, केवायसी करायचीय, कार्डावरचे आकडे वाचा.’ ताईंनी पिशवीतून कार्ड काढलं, चष्मा लावला आणि चार आकडे वाचलेसुद्धा. तेवढ्यात सगळ्या हसल्या. त्या ओशाळून म्हणाल्या, “अगं, पण बोलत होता साहेबासारखाच!” मग मी सांगितलं की आपल्या खात्यात पैसे येणार असतील तर पिन टाकावा लागत नाही आणि ओटीपी सांगावा लागत नाही. समोरचा मागतोय म्हणजे पैसे जाणार आहेत. फोन ठेवायचा, शाखेत जाऊन विचारायचं. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 लावायचा, कारण पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच ते अडवता येतात.

खरी अडचण पासबुकाची आहे. आमच्या गटातल्या एका ताईंनी अंगठा लावून दोन हजार काढले. मशीनवाला म्हणाला, “सर्व्हर गेला, परत लावा.” त्यांनी परत लावला, दोन हजार घेतले आणि घरी आल्या. पावती मागितली नाही, त्यानेही दिली नाही. चार महिन्यांनी पासबुकावर एंट्री मारून आणली, तेव्हा एकाच तारखेला दोन-दोन हजारांच्या दोन ओळी दिसल्या. पुढे इंग्रजी अक्षरं, एईपीएस, म्हणजे आधारवर अंगठा लावून केलेला व्यवहार. मी बोट ठेवून दाखवेपर्यंत त्यांना ती दोनदा काढलेली रक्कम आहे हे कळलंच नव्हतं. आता मशीनवाला म्हणतो, दोन्ही वेळा पैसे तुम्हीच नेले. शाखेत विचारतात, पावती कुठाय? आठवड्यात कळलं असतं तर निदान त्या दिवशी रांगेत कोण होतं ते तरी आठवलं असतं.

म्हणून आता मी बैठकीत पासबुकं उघडायलाच लावते. शेवटच्या एंट्रीची तारीख बघायची, काढलेल्या रकमांचा रकाना वरून खाली वाचायचा, न ओळखणाऱ्या ओळीवर पेन्सिलने खूण करायची. परवा बावीस पासबुकांपैकी पंधरांत दिवाळीनंतर एकही एंट्री नव्हती.

रिझर्व्ह बँकेने 2017मध्ये परिपत्रक काढलं. चूक ना खातेदाराची ना बँकेची, तिसऱ्यानेच खात्यातून पैसे काढले, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की खातेदाराला एक रुपयाचीही झळ नाही. चार ते सात दिवस लावले तर ठरावीक मर्यादेपर्यंतचं नुकसान तिच्या अंगावर येतं. पिन तिनेच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तिचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. नियम चांगला आहे, साहेब. पण दिवस मोजायला सुरुवात मेसेजपासून होते, आणि मेसेज जातो खातं उघडताना दिलेल्या नंबरवर. तो नंबर कुणाच्या पोराचा, आणि पोरगा पुण्यात कामाला. कुणाचं सिमच बंद. म्हणजे घड्याळ सुरू होतं आणि बाईला पत्ताच नसतो.

माझ्या मागण्या दोनच आहेत. पहिली, ग्रामसंघाच्या एका बैठकीला शाखेचा माणूस मोबाईल नंबर बदलायचे अर्ज घेऊन यावा. ज्या ताईंकडे स्वतःचा फोन आहे त्यांचा नंबर तिथेच भरला जावा, आणि अर्जाची पोच मिळावी. दुसरी, आठवडी बाजाराच्या दिवशी शाखेत पासबुकाची एक खिडकी फक्त एंट्रीसाठी चालू राहावी. त्या दिवशी बायका तालुक्याला येतातच, पण ‘प्रिंटर बंद आहे’ ही पाटी वाचून परत जातात. बँका तुमच्या खात्याखाली येत नाहीत हे मला माहीत आहे. पण जिल्ह्याच्या बँकांच्या बैठकीत ‘उमेद’चे अधिकारी बसतात, तिथे हा विषय तुमच्या सांगण्यावरून निघू शकतो.

आणि जमलं तर माझी दहा मिनिटं बैठकीच्या सुरुवातीला ठेवा, हप्त्यांच्या आधी. पासबुकं तेव्हा हातातच असतात.

आपली,
एक बँक सखी