शाल कपाटात ठेवण्याआधी

नागपूर, 18 मे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस की आजीची पश्मिना शाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चार डांबरगोळ्या टाकून, पुण्याच्या फ्लॅटमधल्या कपाटात ठेवून तू जूनअखेर निघणार आहेस. तुझ्या तिकिटाचे आणि राहण्याच्या जागेचे विचारायचे राहून गेले आणि रात्रभर माझ्या मनात ते कपाटच घोळत राहिले. बाबा म्हणाले, पोरगी दीड वर्षासाठी परदेशी चालली आहे आणि तू शालीचे काय घेऊन बसलीस! त्यांना म्हणू दे. सामानात जागा नाही हे मला मान्य आहे. पण शाल जशी आहे तशी, न धुता, दीड वर्ष बंद करून ठेवू नकोस, एवढेच माझे सांगणे आहे.

उजव्या खांद्यावर गोळे आले म्हणून तुला ती नकली वाटू लागली, हे ऐकून मला हसू आले. बंडूकाकांनी ती श्रीनगरहून आणली तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. पश्मिन्याचा तंतू 12 ते 16 मायक्रॉन जाडीचा असतो, आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा. म्हणूनच ती मानेला टोचत नाही. पण हा तंतू जितका बारीक तितकाच आखूड असतो, आणि जिथे घर्षण होते तिथे त्याची टोके सुतातून बाहेर येऊन एकमेकांत गुरफटतात. तुझ्या लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा त्याच खांद्यावर असतो ना? शुद्ध लोकरीवरचे गोळे काही दिवसांनी आपोआप सुटून पडतात. नायलॉन किंवा अॅक्रिलिक मिसळलेल्या शालीवर मात्र ते चिकटून राहतात, कारण तो मजबूत धागा त्यांना धरून ठेवतो.

गोळे ओढून काढू नकोस. ओढले की आणखी तंतू बाहेर येतो आणि पुढच्या गोळ्याची तयारी होते. बॅटरीवर चालणारे ते यंत्रही नको, कारण विणीचा एखादा धागा त्यात सापडला तर भोक पडते. शाल टेबलावर सपाट पसरून लहान कात्रीने फक्त वर उभा राहिलेला गोळा काप. काश्मिरात विणून झालेल्या शालीवरचे सुटे तंतू आणि गाठी चिमट्याने वेचणारे वेगळे कारागीर असतात, त्यांना पुर्जगर म्हणतात. त्यांच्या मानाने तुझे काम अर्ध्या तासाचे आहे.

आता धुण्याचे. आधी पांढरा ओला रुमाल काठाच्या नक्षीवर मिनिटभर दाबून बघ. रुमालाला रंग लागला तर घरी धुवू नकोस, नक्षीकामाच्या शाली हाताळणाऱ्या ड्रायक्लीनरकडे दे. रंग लागला नाही तर आठ-दहा रिठे रात्रभर भिजत घालून सकाळी त्याच पाण्यात उकळ, गाळून निवू दे आणि तो रस पाच-सहा लिटर पाण्यात मिसळ. आपली शाल तपकिरी आहे म्हणून रिठा चालतो. पांढऱ्या शालीवर त्याची पिवळट झाक राहू शकते. नेहमीची कपड्यांची पावडर अजिबात वापरू नकोस. लोकर हे प्रथिन आहे, आणि डाग काढण्यासाठी अनेक पावडरींमध्ये प्रथिने तोडणारी एन्झाइमे घातलेली असतात. शिवाय सोड्यामुळे लोकर खरबरीत होते. मऊपणा आणणारे द्रावणही नको, त्याने तंतूवर नुसता लेप चढतो.

पाणी गार किंवा जेमतेम कोमट हवे. इथे या दिवसांत दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते. तुझ्याकडेही उन्हाळ्यात टाकीचे पाणी तापतच असेल, म्हणून पहाटेचे पाणी भरून ठेव. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळले की ते एकमेकांत अडकतात आणि शाल आटून नमदा होते. मग ती कशानेही पूर्ववत होत नाही. पाच मिनिटे नुसती दाबून धुवावी, तशाच गार पाण्यात दोन-तीनदा खळबळावी, पिळू नये. टॉवेलात गुंडाळून दाबले की बरेच पाणी निघते. मग सावलीत कोरड्या चादरीवर सपाट पसरावी. दोरीवर टाकलीस तर पाण्याच्या वजनाने ती एका बाजूला ओघळेल. हाताला कोरडी लागली तरी लोकरीत ओल राहते, म्हणून आणखी एक पूर्ण दिवस थांब. हे सगळे मी शाळेतल्या बाईंसारखे सांगते आहे, राग मानू नकोस.

पण धुऊनच ठेव असे पुन्हा पुन्हा का म्हणते, तेही ऐक. मंदाच्या लग्नात आत्याने हीच शाल घेतली होती आणि सांभारवडीचे तेल पदराजवळ सांडले. पुसल्यावर डाग दिसेनासा झाला, म्हणून तिने ती तशीच कपाटात ठेवली. दसऱ्याला उघडली तर शालीला कसर लागलेली. चार भोके, ती सगळी त्या तेलाच्या जागी. बाकी शाल धडधाकट. भोकांच्या कडेला रेशमी जाळीचा पातळ पापुद्रा होता आणि घडीत वाळूसारखे कण, शालीच्याच तपकिरी रंगाचे. ती त्या अळीची विष्ठा. इतवारीतल्या रफूगराने भोके इतकी बेमालूम भरली की तुला ती कधी दिसली नाहीत. उजेडाकडे धरून बघ, काठापासून वीतभर वर सापडतील.

पतंग स्वतः लोकर खात नाही, खाते त्याची अळी; आणि नुसत्या स्वच्छ लोकरीवर तिचे नीट पोषण होत नाही, घामातून आणि अन्नाच्या डागांतून तिला हवे ते क्षार आणि जीवनसत्त्वे मिळतात. दिव्याभोवती फिरतो तो हा पतंग नव्हे. हा फिकट सोनेरी, जेमतेम नखाएवढा असतो आणि उजेड दिसला की घडीत शिरतो. डांबरगोळ्यांचा वास पुरेसा कोंडला तरच काही उपयोग होतो, आणि ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटू शकतात. तुझी मैत्रीण बाळाला घेऊन तिथे राहायला येणार आहे ना? मग गोळ्या नकोतच. कडुलिंबाच्या पाल्यावरही विसंबू नकोस, त्याने अळी मरत नाही.

गार पाण्याने अंडी मरतीलच असे नाही, म्हणून पूर्ण वाळलेली शाल हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नकोस, नाहीतर दव शालीवरच धरेल. मग खळ नसलेल्या, घट्ट विणीच्या सुती उशीच्या अभ्र्यात ती सैल गुंडाळून तोंड शिवून टाक. प्लास्टिकात राहिलेली ओल तिथेच कोंडते. फ्रीझरने आत असलेले मरते, पुढे येणाऱ्याला अटकाव होत नाही, म्हणून शिवण पक्की हवी.

तिकडच्या थंडीत तू काय पांघरशील, हे मात्र मी विचारणार नव्हते. मोतिया रंगाची जाड शाल तुझ्या बॅगेत बसत असेल तर ती तरी ने.

दोन आठवडे फ्रीझरचे आणि तीन दिवस वाळण्याचे धरले तर रिठे येत्या रविवारी भिजत घालायला हवेत. तुझ्या मैत्रिणीचा नंबर मला पाठव. दिवाळीच्या आधी ती एकदा अभ्रा उकलून, शाल झटकून, वेगळी घडी घालेल का, ते मी तिच्याशी बोलून घेते.

तुझी,
आई