मालवणी कुणाची?

संपादक महोदय,

‘मालवणी ही मराठीची बोली, कोकणी ही वेगळी भाषा’ हे आपण शाळेत शिकतो. सावंतवाडीहून बांद्याकडे आणि पुढे गोव्यातल्या पेडण्याला गेलं, की हे वाक्य डळमळतं. पुण्यात ‘मला हवं’, आमच्याकडे ‘माका होया’, गोव्यात ‘म्हाका जाय’. ‘माका’ कुणाच्या जवळचा, हे कानच सांगतो. क्रियापदांत मात्र आम्ही कधी इकडे, कधी तिकडे. गावागणिक बोली थोडी थोडी बदलत जाते. एकमेकांचं कळणं नेमकं कुठे थांबतं, ते दाखवणारी रेघ जमिनीवर सापडत नाही.

रेघ आली ती निर्णयांतून. १९६७च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. या काळात मालवणीचं व्याकरण काही बदललं नाही!

गंमत पुढेच आहे. २०११च्या जनगणनेत मालवणी कोकणीखाली मोजली आहे, आणि आपण बोली म्हणतो ती अहिराणी मराठीखाली नव्हे, तर ‘खानदेशी’ या वेगळ्या भाषेखाली. भाषाशास्त्राला इथे बोलायला जागा आहे: शब्दरूपं, उच्चार, परस्पर आकलन मोजता येतं. पण किती फरकाला ‘भाषा’ म्हणायचं, हा आकडा त्या मोजपट्टीवर छापलेला नसतो.

– एक वाचक, सावंतवाडी