एक्सचे कुलूप आणि इन्स्टाग्रामचे कुलूप सारखे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंहस्थाच्या कामांमुळे नाशिकमध्ये रस्त्यांची खोदाई सुरू आहे आणि खड्ड्यांच्या, पाण्याच्या तक्रारी लोक आता सर्रास एक्सवर लिहितात. त्यातल्या काही तक्रारी पोहोचतच नाहीत. दर वेळी दोष समोरच्याचाच असतो असे नाही. अनेकांनी इन्स्टाग्रामसारखेच एक्सचे खातेही फक्त फॉलोअरना दिसेल असे बंद करून ठेवलेले असते आणि दोन्हीकडे एकच नियम असेल, असे ते गृहीत धरतात.

समजा, इंदिरानगरमधल्या एका रहिवाशाचे एक्सचे खाते प्रोटेक्टेड आहे. महापालिकेच्या खात्याने पाणीपुरवठ्याची सूचना टाकली आणि त्याखाली त्याने फोटोसह उत्तर लिहिले, ‘आमच्याकडे आजही पाणी नाही.’ त्याला स्वतःला हे उत्तर नीट जागेवर दिसते. त्याच्या फॉलोअरलाही दिसते. पण महापालिकेचे खाते त्याला फॉलो करत नसेल, तर त्यांना ते दिसत नाही. नाव टॅग केले तरी फरक पडत नाही. पोस्ट पोहोचली नाही हे लक्षातच येत नाही, म्हणून माणूस दोन-तीन दिवस वाट पाहून चिडतो. खात्री करायची असेल तर त्या पोस्टची लिंक फॉलो न करणाऱ्या कुणाला तरी पाठवा. त्याला ती उघडत नसेल, तर महापालिकेलाही उघडणार नाही.

हाच मजकूर त्याने प्रायव्हेट इन्स्टाग्राम खात्यावरून एखाद्या सार्वजनिक पानाच्या फोटोखाली कॉमेंट म्हणून टाकला, तर तो सगळ्यांना दिसतो, शेजारी त्याचे नावही दिसते. इन्स्टाग्रामचे कुलूप तुमच्या पानावरच्या फोटो-व्हिडिओंना असते. दुसऱ्याच्या दारात जाऊन बोललात तर तिथे त्याचा नियम चालतो. एक्सवर मात्र कुलूप तुमच्या प्रत्येक वाक्याबरोबर फिरते. त्यामुळे एक्सवर गप्प राहिल्यासारखे होते आणि इन्स्टाग्रामवर नको तिथे बोलल्यासारखे. दुसरी चूक मला जास्त महागाची वाटते.

रिपोस्टचे पाहू. प्रोटेक्टेड पोस्टवर फॉलोअरला रिपोस्ट किंवा कोट करता येत नाही. प्रायव्हेट इन्स्टाग्राम पोस्ट दुसऱ्याच्या स्टोरीत टाकता येत नाही, आणि मेसेजमधून पाठवली तरी तुम्हाला फॉलो करणाऱ्यालाच ती उघडते. इथे दोघांचा परिणाम जवळपास सारखा. स्क्रीनशॉटला कुलूप नाही, हे दोन्हीकडे लागू. म्हणून ‘तक्रार आरटी करा’ असे गल्लीच्या ग्रुपवर सांगणाऱ्याने आधी आपले खाते उघडे आहे का ते बघावे.

शोधात मात्र फरक मोठा आहे. गूगलवर दोन्हीकडचा बंद मजकूर येत नाही, पण आधी खाते उघडे असताना नोंदला गेलेला मजकूर तिथे काही काळ राहू शकतो. नाव, प्रोफाइल फोटो आणि बायो दोन्हीकडे शोधणाऱ्याला दिसतात, तेव्हा बायोमध्ये फोन नंबर लिहू नये. खरी गोम आहे ती साइटच्या आतल्या शोधात. एक्सवर तुमचा प्रत्येक मान्य फॉलोअर तुमचे शब्द धुंडाळू शकतो. त्याने शोधात एवढे टाकले की पुरे:

```
from:तुमचे_हँडल पाणी until:2021-01-01
```

2020 संपण्यापूर्वीच्या, त्या शब्दाच्या पोस्ट समोर येतात. इन्स्टाग्रामवर फॉलोअरला एका खात्याच्या जुन्या कॅप्शनमध्ये असा शब्द आणि तारीख देऊन शोध घेता येत नाही, त्याला ग्रिड खाली सरकवत बसावे लागते. हॅशटॅग लावला तरी प्रायव्हेट पोस्ट अनोळखी लोकांना त्या हॅशटॅगखाली दिसत नाही. म्हणजे एक्सवर कुलूप लावताना फॉलोअरची यादी तपासणे जास्त गरजेचे, कारण कुलूप लावण्याआधीचे फॉलोअर आपोआप निघत नाहीत. ते एकेक करून काढावे लागतात.

एक्सवर ही सोय Settings and privacy मध्ये Privacy and safety खाली, Audience ने सुरू होणाऱ्या विभागात, Protect your posts या नावाने आहे. इन्स्टाग्रामवर Account privacy मध्ये Private account. एक लक्षात ठेवा, एक्सवर एकच पोस्ट उघडी करता येत नाही. कुलूप काढले की आधी बंद असलेले सगळे एकदम उघडे होते, चिडून लिहिलेल्या जुन्या उत्तरांसह. तक्रारीपुरते कुलूप काढून पुन्हा लावणे म्हणूनच धोक्याचे. त्यापेक्षा नागरी कामांसाठी एक वेगळे, उघडे खाते काढावे, त्यात घरच्या गोष्टी टाकू नयेत आणि तक्रार तिथूनच करावी.

आपला,
एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक