नोबेल कशासाठी मिळाले, तेही पाहावे

महोदय,

'पावसाळ्यात रोज एक ग्रॅम "क" जीवनसत्त्व घ्या, सर्दी होणार नाही' असा सल्ला देणारे एका वाचकाचे पत्र आपण नुकतेच छापले. त्यात पुरावा म्हणून एकच गोष्ट होती: दोन नोबेल पारितोषिके मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाने हे सांगितले आहे. लोकलच्या गर्दीत रोज कुणाची ना कुणाची शिंक अंगावर घेणाऱ्या मुंबईकराला हा सल्ला पटकन पटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

ते शास्त्रज्ञ म्हणजे लायनस पॉलिंग. त्यांना १९५४चे रसायनशास्त्राचे नोबेल रासायनिक बंधांवरील संशोधनासाठी आणि १९६२चे शांततेचे नोबेल अणुचाचण्यांविरुद्धच्या कार्यासाठी मिळाले. दोन्ही कामे थोरच, पण औषधाचा गुण येतो की नाही हे माणसांवर तपासून पाहण्याशी दोन्हींचा संबंध नव्हता. सर्दी आणि 'क' जीवनसत्त्वावरचे त्यांचे पुस्तक १९७०मध्ये आले. त्यात त्यांची मुख्य भिस्त होती ती १९६१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस प्रयोगावर. आल्प्समधल्या स्कीइंग शिबिरातील २७९ मुलांपैकी निम्म्यांना रोज एक ग्रॅम 'क' जीवनसत्त्व दिले होते. त्यांच्यात १७ जणांना सर्दी झाली, उरलेल्या निम्म्यांत ३१ जणांना. पॉलिंग यांनी आकडे मनाने रचले नव्हते. कडाक्याच्या थंडीत दिवसभर घाम गाळणाऱ्या मुलांचा निष्कर्ष त्यांनी सगळ्या जगाला लावला, चूक तिथे झाली.

पुढे अनेक देशांत चाचण्या झाल्या. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात रोज किमान ०.२ ग्रॅम 'क' जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या २९ चाचण्या, म्हणजे ११,३०६ माणसे, एकत्र तपासली आहेत. सर्वसाधारण लोकांत सर्दी होण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. नियमित घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सुमारे ८ टक्के लवकर बरी झाली, म्हणजे सात दिवसांची सर्दी साधारण अर्धा दिवस आधी गेली. सर्दी झाल्यावर गोळी सुरू करणाऱ्यांना मात्र खात्रीचा फायदा दिसला नाही, आणि आपल्याकडे बहुतेक लोक तेव्हाच औषधाच्या दुकानात जातात. मॅरेथॉन धावपटू, स्कीपटू आणि थंडीत सराव करणारे सैनिक अशा ५९८ जणांच्या पाच चाचण्यांत सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले. ती स्विस मुले याच गटातली!

यावर कुणी विचारेल, 'मग कॉक्रेनचे नाव पुढे करणे म्हणजेही मोठ्या नावाचाच आधार नाही का?' प्रश्न रास्त आहे. फरक असा, की पॉलिंग यांचे मत मानायचे तर त्यांच्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. आढाव्यात कोणत्या चाचण्या घेतल्या, कोणत्या का वगळल्या, डोस किती होता, हे सारे लिहिलेले असते आणि दुसरा कुणीही ते ताडून पाहू शकतो. तज्ज्ञांची सहमती म्हणजे हात वर करून घेतलेले मतदान नाही. एकमेकांच्या चुका शोधणाऱ्या वेगवेगळ्या गटांना शेवटी तेच उत्तर मिळणे, ही सहमती.

चुका कशा शोधल्या जातात, याचे नमुनेदार उदाहरण १९७५चे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत तुलनेसाठी दिलेल्या खोट्या कॅप्सुलांमध्ये दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, भरली होती. काहींनी कॅप्सूल फोडून चाखली. आंबट लागली की खरी, गोडसर लागली की खोटी! आपल्याला काय दिले आहे हे ज्यांनी ओळखले नव्हते, तेवढ्यांचे आकडे वेगळे काढल्यावर सर्दी लवकर बरी झाल्याचा परिणाम दिसेना. एकट्या तज्ज्ञाच्या ठाम विधानात ही छाननी कुठेच नसते.

म्हणून असा दावा पुढे आला की आधी सांगणाऱ्याचे नाव झाकावे आणि वाक्य उघडे वाचावे. प्रयोग कोणावर झाला, किती डोस, सर्दी होण्याआधीपासून की झाल्यावर, आणि तेच उत्तर इतरांनाही मिळाले का? आढाव्याचा सारांश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्यातले वाक्य आणि दाव्यातले वाक्य शेजारी शेजारी ठेवले की तफावत लगेच दिसते. 'थोडी लवकर बरी होते' याचे 'होतच नाही' कधी झाले, ते तिथेच कळते.

आपल्या आयसीएमआरने 'क' जीवनसत्त्वाची रोजची शिफारस पुरुषांसाठी ८० आणि स्त्रियांसाठी ६५ मिलिग्रॅम ठेवली आहे. एका मध्यम पेरूतून ती सहज भागते. एक ग्रॅम म्हणजे पुरुषांसाठीच्या शिफारशीच्या बारापटींहून जास्त. त्यातले बरेचसे लघवीवाटे निघून जाते आणि काहींच्या लघवीत मूतखडा बनवणारे ऑक्झलेटही वाढते. मूतखड्याचा त्रास झालेल्यांनी म्हणूनच डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढा डोस घेऊ नये. ही सूचना त्या पत्राखाली हवी होती, ती आता तरी छापावी ही विनंती.

— औषधशास्त्राची एक प्राध्यापिका, माटुंगा, मुंबई