अण्णांना, त्या वहीबद्दल

अण्णा, सा. न.

बाबांनी टॉवेलच्या कारखान्याचं काम माझ्याकडे सोपवलं, त्या पहिल्या दिवाळीत मी सगळ्या गिऱ्हाइकांना एकच चित्र पाठवलं. दिवा, रांगोळी, आणि खाली कोपऱ्यात दुसऱ्याच कुठल्या तरी दुकानाचं नाव. तेच चित्र पंढरपूरच्या त्या लॉजवाल्या काकांनाही गेलं, ज्यांची आई श्रावणात वारली होती. त्यांच्या घरी त्या वर्षी सण नव्हता. तुम्ही मला रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी तुमची दिवाणजीपणातली जुनी वही घेऊन आलात.

त्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान होतं. वर त्याचं नवं वर्ष कोणतं ते. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू व्यापाऱ्यांचा उगादी आपल्या गुढीपाडव्यालाच येतो, पण त्यांना 'पाडव्याच्या शुभेच्छा' लिहिलं की ते परकं वाटतं. पुण्याच्या गुजराती शेठचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला बदलतं, आणि दुकान बहुधा लाभपंचमीला उघडतं. त्याखाली त्या वर्षात फोनवर जे बोलणं झालं त्यातली एक ओळ. कोणाकडे दुःख झालं असेल तर तेही.

त्या शेठना पुढच्या वर्षी तुम्ही माझ्याकडून हे लिहून घेतलंत: "शेठजी, साल मुबारक. मार्चमध्ये तुम्ही किनार उसवते म्हणून फोन केलात, तेव्हापासून सगळा माल दुहेरी शिलाईचा काढतोय. मुलीच्या बारावीच्या अभ्यासाला शुभेच्छा. लाभपंचमीचा मुहूर्त छान जावो." बस, चार वाक्यं. मी खाली नवे भाव जोडले होते, ते तुम्ही खोडलेत. "भाव आणि उधारी पंचमीनंतर, वेगळ्या निरोपात," म्हणालात. मुलीचं तिथे चाललं, कारण शेठनी स्वतःहून सांगितलं होतं. जे आपल्याला कोणी सांगितलं नाही ते विचारायचं नाही, हेही तेव्हाच कळलं.

लॉजवाल्या काकांना शुभेच्छा द्यायलाच नको होत्या. "आईंशिवायची पहिली दिवाळी, आठवण येत असेल," एवढंच लिहायला हवं होतं, असं तुम्ही म्हणालात. उशिरा का होईना, माफी मागून मी तसं लिहिलं. त्यांचा फोन आला आणि आम्ही बराच वेळ त्यांच्या आईंबद्दल बोललो. मालाचा विषय निघाला नाही.

आता साठ गिऱ्हाइकांना मी सणाच्या सहा दिवस आधीपासून रोज दहा निरोप लिहिते. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट बंद केली. तसाही तो निरोप ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि जुनी माणसं कुठे सेव्ह करतात! ज्यांच्या पानावर अजून काहीच नाही त्यांना नाव घालून दोन साध्या ओळी जातात. खोटी जवळीक लगेच ओळखू येते.

वही आता निम्मी भरली आहे. गड्ड्याच्या यात्रेत दाखवायला आणते, आईही येतेय.

तुमची,
कारखान्यावरची पोर