ब्लूटूथ अडॅप्टरच्या खोट्या वर्णनाबाबत तक्रार आणि पैसे परत मिळण्याची मागणी

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: फोन वॉकीटॉकीला जोडण्याच्या दोन पिनच्या ब्लूटूथ अडॅप्टरबाबत

महोदय,

मी लातूर जिल्ह्यात राहतो. माझ्याकडे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना आहे. पावसाळ्यात मांजरेला पाणी आलं की आमच्या मंडळातले काही जण नदीकाठच्या गावांकडे जातात आणि तिथली परिस्थिती रेडिओवरून कळवतात. औसा-निलंगा रस्त्यावर एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात हँडसेट धरून बोलणं धोक्याचं असतं. म्हणून तुमचं अडॅप्टर घेतलं. तुमच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं: ‘अडॅप्टर वॉकीटॉकीत लावा, फोनशी पेअर करा आणि फोनवरूनच हात न लावता बोला.’

अडॅप्टर सेटमध्ये नीट बसलं आणि फोनशी लगेच पेअरही झालं. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे सेटचा व्हॉक्स चालू केला. व्हॉक्स म्हणजे माइकच्या तारेत आवाज आला की बटण न दाबताच सेट आपोआप प्रक्षेपण सुरू करतो. मग दुसरा हँडसेट त्याच फ्रिक्वेन्सीवर लावून मुलाला गच्चीवर पाठवलं, पॉवर कमीत कमी ठेवली आणि फोन तोंडाजवळ धरून माझं कॉलसाइन सांगितलं. सेटचा लाल दिवा लागला नाही. आवाज वाढवून बोललो, व्हॉक्सची पातळी बदलून पाहिली, पण गच्चीवर काहीच ऐकू आलं नाही.

तेवढ्यात माझ्या बहिणीचा फोन आला आणि रिंग वाजताच सेटचा लाल दिवा लागला. मी कॉल उचलला, तर तिचं बोलणं गच्चीवरच्या सेटमधून मुलाला शब्द न् शब्द ऐकू येत होतं. घरातल्या आजारपणाविषयी ती बोलत होती. ते १४५ मेगाहर्ट्झवर, कुणालाही ऐकता येईल असं हवेत जात होतं. मी घाईघाईने सेट बंद केला.

तुमच्या ग्राहक सेवेने मला उत्तर दिलं की, ‘फोन रीस्टार्ट करा, ब्लूटूथ पुन्हा पेअर करा, व्हॉक्स कमी ठेवा.’ हे सगळं करून झालं आहे. मूळ अडचण यातल्या कशानेच सुटणार नाही, आणि ती का सुटणार नाही हे तुमच्या तांत्रिक विभागाने समजून घ्यावं म्हणून सविस्तर लिहितो.

ब्लूटूथवर कॉलचा आवाज नेताना दोन्ही बाजूंच्या भूमिका ठरलेल्या असतात. एक बाजू फोनची आणि दुसरी हेडसेटची. तुमचं अडॅप्टर हेडसेटची बाजू घेतं. त्यामुळे माझा फोन त्याला कानात घालायचं यंत्र समजतो. कॉल सुरू झाला की समोरच्याचा आवाज फोन अडॅप्टरकडे पाठवतो. तो सेटच्या माइकच्या पिनवर पोहोचतो आणि व्हॉक्समुळे हवेत जातो. उलट बाजूने, सेटवर जे ऐकू येतं ते अडॅप्टर फोनला ‘माइकचा आवाज’ म्हणून देतं. या वेळी फोनचा स्वतःचा माइक बाजूला पडतो, कारण हेडसेट जोडलेला असताना फोन साधारणपणे माइकही हेडसेटचाच धरतो. म्हणजे मी फोनमध्ये जे बोलतो ते सेटपर्यंत जायला वाटच उरत नाही. त्यासाठी फोनमध्ये वेगळं ॲप लागेल, आणि तसं ॲप तुम्ही दिलेलं नाही.

थोडक्यात, तुमच्या वस्तूने बोलणाऱ्याचा आवाज रेडिओवर जात नाही. फोनवर येणाऱ्याचा आवाज मात्र जातो.

हे नेमकं हेच आहे याची खात्री करण्यासाठी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये तुमच्या अडॅप्टरच्या नावापुढचा ‘कॉल’चा पर्याय बंद केला. रिंग हवेत जाणं थांबलं. पण ‘मीडिया’ चालूच होतं, आणि गाडीत नकाशा लावला तेव्हा ‘पुढे डावीकडे वळा’ हा फोनचा आवाज आमच्या फ्रिक्वेन्सीवर गेला. मंडळातल्या एका ज्येष्ठ हॅमने मला विचारलंही, “अहो, तुमच्या सेटवरून कोण बोलतंय?” मीडियाही बंद केल्यावर अडॅप्टर पूर्ण गप्प झालं, आणि मग ते लावून काही उपयोगच राहिला नाही. सेटमध्ये दोष नाही. त्याच पिनला तारेचा स्पीकर-माइक लावला की दोन्ही बाजूंचा आवाज स्वच्छ येतो.

तुम्हाला कदाचित हा किरकोळ गैरसोयीचा प्रश्न वाटेल. आमच्यासाठी तो परवान्याचा आहे. हौशी रेडिओवर गाणी, व्यापारी निरोप किंवा तिऱ्हाईताचं फोनवरचं संभाषण सोडता येत नाही, आणि सेटवरून जे जाईल त्याची जबाबदारी परवानाधारकाची असते. माझ्या बहिणीला तर आपण हवेत बोलत आहोत याची कल्पनाही नव्हती. तुमच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही. उलट ‘व्हॉक्स चालू करा’ ही सूचना ठळक अक्षरांत आहे.

मला खरं तर जे अडॅप्टर हवं होतं ते उलट भूमिकेचं आहे. ते स्वतः फोनची बाजू घेतं आणि कानातल्या ब्लूटूथ हेडसेटला जोडलं जातं. माझा आवाज हेडसेटमधून सेटमध्ये जातो, सेटचा आवाज माझ्या कानात येतो आणि प्रक्षेपणासाठी स्टिअरिंगवर छोटं वायरलेस बटण लावता येतं. तुमचं अडॅप्टर मी माझ्या हेडसेटशी जोडून पाहिलं. दोघेही हेडसेटच असल्यामुळे ते एकमेकांशी जोडलेच गेले नाहीत. कुठलं अडॅप्टर कुठली बाजू घेतं हे खोक्यावर लिहिलेलं असतं, तर मी हे घेतलंच नसतं. तुमच्या खोक्यावर फक्त ‘ब्लूटूथ, सर्व फोनना चालतं’ एवढंच छापलं आहे.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. अडॅप्टरची पूर्ण किंमत आणि परत पाठवण्याचा कुरिअर खर्च मला मिळावा. याच जातीचं दुसरं अडॅप्टर मला नको. जाहिरातीतलं ‘फोनवरूनच बोला’ हे वाक्य काढून टाकावं आणि हे अडॅप्टर फोनसाठी हेडसेटचं काम करतं, व्हॉक्स चालू असेल तर फोनवरचे कॉल रेडिओवर प्रसारित होतात, हा इशारा खोक्यावर आणि माहितीपत्रकात मराठीत व हिंदीत छापावा. आमच्याकडे शेतावर, बांधकामावर वॉकीटॉकी वापरणारे लोक आहेत. त्यांच्या घरातलं बोलणं सगळ्या मजुरांना ऐकू जाईल आणि त्यांना ते कळणारही नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

बिलाची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चाचणीचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. व्हिडिओत फोनमध्ये बोलताना न लागणारा आणि रिंग वाजताच लागणारा लाल दिवा स्पष्ट दिसतो. बहिणीचं बोलणं मात्र मी त्यातून काढून टाकलं आहे.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक बिलावर आहेत)