सूचना: पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी

लातूर, नांदेड, संभाजीनगरहून या सत्राला निघणारे विद्यार्थी आणि पालक, कृपया पूर्ण वाचा.

इमिग्रेशन अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर होतं, शेवटच्या नव्हे. समजा, शिकागोत विमान बदलून डॅलसला जायचंय. मग तपासणी शिकागोतच होईल, आणि मोठ्या बॅगा त्यानंतर मिळतील. म्हणून पासपोर्ट, सही केलेला मूळ आय-२०, सेविस शुल्काची पावती, प्रवेशपत्र, कर्जमंजुरीचं पत्र आणि राहण्याचा पत्ता छापून हातातल्या पिशवीत ठेवा. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका, तिथं चार्जिंग संपलं तर पंचाईत होते.

अधिकारी विचारतात: कोणता कोर्स, कोणतं विद्यापीठ, खर्च कोण करतं, राहणार कुठे? उत्तर आय-२० शी जुळलं पाहिजे. त्यावर कर्ज लिहिलेलं असताना नुसतं "आमची शेती आहे" म्हटलं, की प्रश्न वाढतात. "बँकेचं कर्ज आणि वडिलांची बचत" एवढं सरळ सांगा. चटणी-लोणचं असेल तर खाद्यपदार्थ आहेत असं स्पष्ट सांगा, लपवू नका.

पोचल्यावर i94.cbp.dhs.gov वर आय-९४, म्हणजे तुमच्या अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, उघडा. नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे, वर्ग F1 हवा. पर्यटकाचा वर्ग दिसला तर लगेच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कळवा. त्याच कार्यालयात पहिल्या आठवड्यात हजेरी आणि स्थानिक पत्ता नोंदवा; ही नोंद राहिली तर सेविसमधला दर्जा जाऊ शकतो. बँक खातं त्यानंतर उघडलं तरी चालेल.